ट्रेडमिल ५ म्हणते, घड्याळ साडेचार: ढांगेची लांबी जुळवायची कशी

जूनमध्ये पाऊस लागला की रत्नागिरी-चिपळूणकडची धावणारी बरीच मंडळी जिमच्या ट्रेडमिलवर येतात. नवख्या माणसाला तिथे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकते. मशीनच्या पडद्यावर ५ किलोमीटर दिसतात आणि मनगटावरचं घड्याळ साडेचारवर असतं. बाहेर रस्त्यावर हेच घड्याळ बरोबर चालत होतं, म्हणून बिघडलं की काय अशी शंका येते. घड्याळ बिघडलेलं नसतं. त्याला तुमची ट्रेडमिलवरची ढांग अजून माहीत नसते, आणि ती शिकवायला एक नीट धाव पुरते. फक्त शिकवण्याआधी मशीन स्वतः किती खरं बोलतंय ते तपासून घ्यायला हवं. बहुतेक जण नेमकं हेच टाळतात, म्हणून या लेखात त्यावर जास्त वेळ घालवला आहे.

घड्याळ आत कसं मोजतं

रस्त्यावर घड्याळ उपग्रहांकडून जागा विचारतं. ट्रेडमिलवर पट्टा पळतो आणि तुम्ही जागच्या जागी असता, त्यामुळे जीपीएसचा काही उपयोग नाही. मग घड्याळातला अ‍ॅक्सेलरोमीटर हाताच्या झोक्यावरून पावलं मोजतो, आणि झोक्याच्या जोरावरून व गतीवरून एका पावलात किती अंतर गेलं असेल याचा अंदाज बांधतो. पावलं गुणिले पावलाची लांबी, एवढंच ते अंतर.

यात पावलांची मोजणी सहसा बरोबर असते. चूक असते ती लांबीच्या अंदाजात. कॅलिब्रेट करायचं म्हणजे घड्याळाला सांगायचं, ‘एवढ्या पावलांत खरं अंतर इतकं गेलं, पुढच्या वेळी या मापाने धर.’

आधी या गोष्टी बाजूला काढा

काही फरक कॅलिब्रेशनचे नसतातच. मशीन आणि घड्याळ यांच्या आकड्यांत एकदम १.६ पट फरक असेल, म्हणजे एकीकडे ३.१ आणि दुसरीकडे ५, तर एक मैलात मोजतंय आणि दुसरं किलोमीटरमध्ये. मशीनच्या सेटिंगमध्ये एकक बदला, बाकी काही करू नका.

घड्याळात प्रकार ‘ट्रेडमिल’ किंवा ‘इनडोअर रन’ हाच निवडलेला हवा. बाहेरच्या धावेचा प्रकार चुकून लावला तर ते छपराखाली जीपीएस शोधत बसतं आणि अंतर कसंही भरकटतं.

आणि हात मोकळे हवेत. बाजूची दांडी धरून धावलात तर मनगट हलत नाही आणि घड्याळाला धड काहीच कळत नाही. घड्याळ बांधलेल्या हातात मोबाइल किंवा टॉवेल धरला तरी तेच. आपल्याकडच्या दमट हवेत आणखी एक अडचण येते. दहा मिनिटांत मनगट घामाने भिजतं, सैल स्ट्रॅप घसरतो आणि घड्याळ हाडावर आपटत राहतं. धावायच्या आधी मनगट पुसून स्ट्रॅप एक भोक घट्ट करा, हाडाच्या जरा वर.

मशीनचं माप घ्या

बहुतेक ट्रेडमिल पट्टा मोजत नाहीत. मोटरच्या किंवा पुढच्या रोलरच्या फेऱ्या मोजून त्यावरून वेग आणि अंतर दाखवतात. पट्टा सैल झाला असेल किंवा खालच्या फळीवरचं सिलिकॉन तेल सुकलं असेल, तर माणसाचं वजन पडताच पट्टा रोलरवर थोडा घसरतो. रोलर फिरतो, पट्टा तेवढा पुढे जात नाही, आणि पडदा मात्र पूर्ण अंतर मोजतो. म्हणून रिकामं मशीन बरोबर आणि धावताना चुकीचं असं होऊ शकतं. मोजायचं ते कोणीतरी धावत असतानाच.

माझ्या मावसबहिणीने चिपळूणच्या तिच्या जिममध्ये हे केलं, तिचेच आकडे देतो. ती शाळेत शिकवते, दिवाळीनंतरच्या १० किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत होती. फोनवर तिने विचारलं, “दादा, मी घड्याळाचं ऐकू की मशीनचं?” मी म्हटलं, “आधी पट्टा मोज, मग सांगतो.”

लागतं ते एवढंच: शिवणकामाची टेप, खडू, रंगीत इन्सुलेशन टेपचा तुकडा आणि सोबत एक माणूस. पट्टा मोजताना मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा आणि सेफ्टी की बाहेर ठेवा. ही गोष्ट जिमवाल्यांना विचारून आणि त्यांच्यासमोरच करा.

पट्ट्याच्या कडेला खडूने एक बारीक रेघ मारा. तिथून समोर दिसणारा भाग सपाट मोजा आणि टोकाला दुसरी रेघ मारा. मग पट्टा हाताने पुढे ओढून दुसऱ्या रेघेपासून पुन्हा मोजा. पहिली रेघ परत येईपर्यंत हे चालू ठेवा. बहिणीने आधी १२० सेंटीमीटर, मग पुन्हा १२० आणि शेवटी ५४ असं मोजलं, म्हणजे पट्टा एकूण २.९४ मीटर. दोनदा मोजा. दोन मोजण्यांत एका सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर कुठेतरी टेप तिरकी धरली गेली आहे.

आता पट्ट्याच्या कडेला रंगीत टेपचा तुकडा घट्ट चिकटवा, पायाखाली येणार नाही अशा जागी. मशीन चालू करून तुमच्या नेहमीच्या वेगावर आणा आणि धावत राहा. सोबतचा माणूस बाजूला उभा राहून तुकडा एका ठरावीक खुणेपाशी किती वेळा येतो ते मोजेल. ५० फेऱ्या पुरतात.

इथे एक बारीकसारीक वाटणारी पण महाग पडणारी जागा आहे. तुकडा पहिल्यांदा खुणेपाशी येतो तेव्हा स्टॉपवॉच सुरू करायचं आणि तोंडाने ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नाही. ‘एक’पासून सुरुवात केली तर पन्नासला थांबताना प्रत्यक्षात ४९ फेऱ्याच झालेल्या असतात, आणि तेवढ्याने दोन टक्के चूक घुसते. आपण शोधतोय तो फरकच दोन-तीन टक्क्यांचा असतो. नुसत्या डोळ्यांनी मोजणं जमत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि नंतर शांतपणे मोजा.

बहिणीच्या मशीनवर पडदा ताशी ९ किलोमीटर दाखवत होता. ५० फेऱ्यांना ६०.४ सेकंद लागले.

५० × २.९४ = १४७ मीटर
१४७ ÷ ६०.४ = सेकंदाला २.४३४ मीटर
२.४३४ × ३.६ = ताशी ८.७६ किलोमीटर

म्हणजे पडदा ९ म्हणतोय तेव्हा पट्टा ८.७६ ने जातोय. मशीन साधारण २.७ टक्के जास्त दाखवतं. पडद्यावरचे ५ किलोमीटर म्हणजे खरे ४.८७. जिमच्या मशीनमध्ये इतका फरक असणं काही विशेष नाही. पाच टक्क्यांच्या वर गेला तर मात्र पट्टा ताणून घ्यायला आणि तेल घालायला जिमवाल्यांना सांगा. कॅलिब्रेशन त्यानंतरच करा, नाहीतर पट्टा दुरुस्त होताच तुमचं माप वाया जाईल.

कॅलिब्रेशनची धाव

बहिणीचं घड्याळ गार्मिनचं आहे, म्हणून पायऱ्या त्याच्याच सांगतो. गार्मिनच्या सूचनेप्रमाणे घड्याळाने किमान २.४ किलोमीटर नोंदवल्याशिवाय कॅलिब्रेशन करता येत नाही. मी तेवढ्यावर थांबू नका असं सांगेन. ४ ते ५ किलोमीटर धावा, म्हणजे सुरुवातीची अडखळती पावलं आणि मधली एखादी गडबड सरासरीत विरून जाते.

आधी दहा मिनिटं चालून, हलकं धावून अंग गरम करा आणि ते नोंदवू नका. चालण्याची ढांग वेगळी असते, ती या मापात मिसळली तर माप बिघडतं. मग मशीन थांबवून आकडे शून्यावर आणा. चढ शून्य ठेवा, किंवा तुम्ही कायम १ टक्का चढावर धावत असाल तर १ ठेवा. जास्त चढावर ढांग आखूड होते, त्या चढावर घेतलेलं माप सपाटीला लागू पडत नाही.

घड्याळावर ट्रेडमिल निवडा, पट्टा हलू लागताच सुरू करा आणि तुमच्या रोजच्या वेगावर स्थिर राहा. मध्येच वेग वाढवू-कमी करू नका. पाणी प्यायला पट्टा चालू ठेवून बाजूच्या कडांवर पाय ठेवून उभं राहायची बऱ्याच जणांना सवय असते. त्या अर्ध्या मिनिटात मशीन अंतर मोजत राहतं आणि तुम्ही एकही पाऊल टाकत नाही. ताशी ९ च्या वेगाला अर्ध्या मिनिटात ७५ मीटर जातात, आणि ते सगळे घड्याळाच्या चुकीत जमा होतात. कॅलिब्रेशनच्या दिवशी पाणी आधी प्या किंवा नंतर.

शेवटी घड्याळाचं बटण दाबताना त्याच क्षणी पडद्यावरचं अंतर वाचा, किंवा सोबतच्या माणसाला पडद्याचा फोटो काढायला सांगा. थांबल्यावर पुष्कळ मशीन लगेच आकडे पुसून टाकतात. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि लाईट गेली की पडदाही गेला. म्हणून शेवटच्या किलोमीटरमध्ये अधूनमधून एखादा फोटो काढून ठेवायला सांगितलेलं बरं.

आता घड्याळावर पहिल्या वेळेला Save निवडलं की ते स्वतःच कॅलिब्रेशनबद्दल विचारतं. नंतर कधीही पुन्हा करायचं असेल तर Calibrate & Save निवडून Yes म्हणा. ते अंतर विचारेल, तिथे आकडा भरा.

कोणता आकडा भरायचा

बहिणीच्या धावेत पडदा ५.०० वर थांबला होता आणि घड्याळ ४.५२ दाखवत होतं. वेळ ३३ मिनिटं २० सेकंद आणि मिनिटाला १६४ पावलं, म्हणजे एकूण सुमारे ५४६७ पावलं. घड्याळ तिचं पाऊल ८२.७ सेंटीमीटरचं धरत होतं. पडद्यावर विश्वास ठेवला तर ते ९१.५ होतं. पट्टा मोजून काढलेल्या ४.८७ वरून ते ८९ येतं. घड्याळ कमी दाखवत होतं आणि मशीन जास्त, खरं माप दोघांच्या मधे.

तुम्हाला फक्त जिममध्येच धावायचं असेल आणि मशीनशी आकडा जुळला की समाधान असेल, तर ५.०० भरा. त्यात गैर काही नाही, तुमच्या धावा आपापसांत ताडून पाहता येतात. पण पाऊस गेल्यावर रस्त्यावर उतरायचं असेल तर मी खरं अंतरच भरायला सांगेन. बहिणीनेही ४.८७ भरलं. शर्यतीचा रस्ता मोजलेला असतो. जिममध्ये फुगलेल्या आकड्यावर बसवलेला वेग तिथे दर किलोमीटरला दहा-अकरा सेकंद मागे पडतो, आणि माणसाला वाटतं आपली तयारी कमी पडली.

पट्टा मोजायला जिममध्ये परवानगी मिळाली नाही तर मशीनचाच आकडा भरा. पण मग ते माप त्या एका मशीनपुरतं आहे हे ध्यानात ठेवा. शेजारच्या मशीनचा पट्टा वेगळा सैल असतो.

काही घड्याळं आणि त्यांची अ‍ॅप थेट पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये विचारतात. तिथे वरचाच भागाकार करा, अंतर भागिले पावलं. मात्र ते एक पाऊल मागतात की डाव्या पायापासून पुन्हा डाव्या पायापर्यंतची दोन पावलं, ते आधी बघा. रमतगमत धावणाऱ्यासाठी आधीपासून भरलेला आकडा दीड मीटरच्या वर असेल तर तिथे दोन पावलांचं माप चालतं, आणि तुमचा आकडा दुप्पट करून भरावा लागेल.

जमलं की नाही ते कसं ओळखायचं

पुढच्या दोन-तीन धावा त्याच मशीनवर, त्याच वेगाने करा आणि काही बदलू नका. बहिणीने नंतर पडद्यावरचे ४ किलोमीटर केले. तिच्या हिशेबाने खरे ३.८९ व्हायला हवे होते, घड्याळ ३.८६ वर आलं. एक टक्क्याच्या आत. मनगटावरच्या घड्याळाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये. दोन टक्क्यांपर्यंत तर हात लावू नका.

फरक त्याहून मोठा असेल तर तो कुठल्या बाजूला जातोय ते पाहा. दर वेळी कमीच किंवा दर वेळी जास्तच असेल तर माप चुकलंय, पुन्हा कॅलिब्रेट करा. एकदा कमी, एकदा जास्त असं डोलत असेल तर कॅलिब्रेशनने काही होणार नाही. तिथे स्ट्रॅप सैल असतो, नाहीतर मधे दांडी धरली जाते, नाहीतर तोच कडेवर उभं राहायचा प्रकार. प्रत्येक धावेनंतर कॅलिब्रेट करत बसणारे लोक मी पाहिलेत. एका वाईट धावेचं माप ते पुढच्या चांगल्या धावेवर लादतात आणि आकडा कधीच स्थिरावत नाही.

वेग बदलला की

या पद्धतीची खरी मर्यादा इथे आहे. वेग वाढवताना माणूस पावलांची गती थोडीच वाढवतो, ढांग बरीच लांबवतो. बहिणीची पावलं ९ च्या वेगाला मिनिटाला १६४ होती. ११ च्या वेगाला ती १६८ झाली, फक्त चार जास्त. पण एक पाऊल ८९ सेंटीमीटरवरून सुमारे १०६ वर गेलं. हा वाढलेला भाग घड्याळाला नुसत्या मनगटाच्या हालचालीवरून ओळखायचा असतो, आणि तिथे ते मागे पडतं. ११ च्या वेगाने तिने पडद्यावरचे २ किलोमीटर केले. मशीनची चूक त्याच प्रमाणात धरली तर ते खरे १.९५ होतात. घड्याळाने १.८४ दाखवले. सकाळी तंतोतंत चालणारं माप संध्याकाळच्या जोरदार धावेत साडेपाच टक्के कमी.

म्हणून ज्या वेगाने तुम्ही सगळ्यात जास्त धावता त्याच वेगाला कॅलिब्रेट करा, आणि जोराच्या तुकड्यांचं अंतर घड्याळाकडून घेऊच नका. त्या दिवशी मशीनचा वेग आणि वेळ वहीत लिहा, मोजलेल्या टक्क्यांनी कमी करा. वारंवार वेगवेगळ्या वेगांनी धावत असाल आणि अंतर नेमकं हवंच असेल तर बुटाला लावायचा फूट पॉड घ्या. पायाची हालचाल पायावरूनच मोजली जाते, त्यामुळे वेग बदलल्यावर तो मनगटापेक्षा कमी चुकतो.

बाहेरच्या धावाही घड्याळाला शिकवतात

अ‍ॅपल वॉचमध्ये मुख्य शिकवणी बाहेरच होते. आयफोनवर Settings मध्ये Privacy & Security, मग Location Services, मग System Services मध्ये जाऊन Motion Calibration & Distance चालू ठेवा. मग मोकळ्या, सपाट जागी Outdoor Run लावून तुमच्या नेहमीच्या वेगाने साधारण २० मिनिटं धावा. एका दमात जमत नसेल तर दोन-तीन वेळा मिळून २० मिनिटं भरली तरी चालतं. वेगवेगळ्या वेगांनी धावत असाल तर प्रत्येक वेगाला वेगळी २० मिनिटं द्या. जुनं माप पुसून नव्याने सुरुवात करायची असेल तर फोनवरच्या Watch अ‍ॅपमध्ये Privacy खाली Reset Fitness Calibration Data आहे. गार्मिनचं घड्याळही जीपीएस लावून केलेल्या बाहेरच्या धावांवरून आपला अंदाज सुधारत असतं.

मग कोकणात जागेचा प्रश्न येतो. भाट्ये किंवा गुहागरचा किनारा सपाट आणि मोकळा दिसतो, पण वाळूत पाय रुततो आणि ढांग आखूड पडते. ती ढांग घेऊन घड्याळ ट्रेडमिलवर आलं तर कमीच दाखवणार. घाटाच्या चढउतारावर ढांग दर वळणाला बदलते. माडा-पोफळीच्या वाडीतल्या पाणंदीत झावळ्यांचं छप्पर आणि दोन्हीकडे गडगे, तिथे जीपीएस मिळण्याची मारामार. सगळ्यात चांगली जागा म्हणजे सड्यावरचा डांबरी रस्ता. सपाटी असते, डोक्यावर झाड नसतं, आभाळ चारी बाजूंनी खुलं. सरींच्या मधली कोरडी अर्धी सकाळ सापडली की तिथे जाऊन या.

पुन्हा कधी करायचं

जिमने पट्टा बदलला, ताणला किंवा मशीनच नवं आणलं तर पट्टा पुन्हा मोजा आणि कॅलिब्रेटही करा. घड्याळ रिसेट केलं किंवा नवं घेतलं तरी पहिल्यापासून करावं लागतं, पण पट्ट्याचा आकडा तोच चालतो, म्हणून तो फोनमध्ये मशीनच्या खुणेसकट लिहून ठेवा. दुखापतीनंतर परतलात किंवा मोठ्या खंडानंतर ढांग बदलल्यासारखी वाटली तर आधी तीन-चार धावा तशाच होऊ द्या. अंग रुळलं की मग माप घ्या.